कुलूपबंद पीडीएफ उघडताना: पासवर्डची खूण कुठे असते आणि ती कशी वाचावी

बँकेकडून ईमेलने आलेला खाते उतारा किंवा संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले ई-आधार मोबाइलवर उघडायला जावे आणि पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट यावी, हा अनुभव आता बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या बहुतेक घरांत आला असेल. त्या क्षणी पुष्कळजण नेटबँकिंगचा पासवर्ड टाकतात, काहीजण एटीएमचा पिन टाकतात, आणि दोन्ही चालले नाहीत की फाइल बिघडली आहे असे समजून पुन्हा नव्याने उतरवून घेतात. नव्या फाइलीलाही तेच कुलूप असते, त्यामुळे त्या खटाटोपातून काहीच साधत नाही. (आपल्याकडे नुसते ‘उतारा’ म्हटले की जमिनीचा उतारा डोळ्यांपुढे येतो, या लेखात मात्र तो शब्द बँकेच्या खाते उताऱ्यासाठीच वापरला आहे.)

हा पासवर्ड आपण कधीच ठरवलेला नसतो, आणि म्हणूनच तो आठवण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो. कागद देणारी संस्था तिच्या दप्तरात आपल्याविषयी जी माहिती नोंदलेली आहे तिच्यातूनच तो तयार करते आणि कोणती माहिती कोणत्या क्रमाने जोडली आहे याची खूण सोबत देते. तेव्हा आपले काम दोन भागांचे आहे: खूण शोधणे आणि त्या संस्थेच्या दप्तरात आपली नोंद नेमकी कशी आहे हे पाहणे. पहिला भाग सोपा आहे. बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्या भागात.

कुलूप कशासाठी

ईमेल आपल्यापर्यंत पोहोचल्यावरही सुरक्षित राहील याची हमी बँकेला देता येत नाही. तीच मेल घरातल्या मुलाच्या मोबाइलवर उघडलेली असते, झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी पुढे पाठवलेली असते, किंवा सायबर कॅफेतल्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात तशीच पडून राहते. ग्राम वन किंवा तत्सम केंद्रातल्या एकाच संगणकावर दिवसभरात अनेकांचे कागद उतरवले जातात, आणि संध्याकाळी ते सर्व पुसले जातीलच असे नाही. उताऱ्यात खाते क्रमांक, पत्ता, पगार, कर्जाचे हप्ते असे सारे असते, आणि ई-आधारात तर संपूर्ण ओळखच असते. म्हणून संस्था कागदालाच कुलूप लावून पाठवते, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी कुलूप तिच्याबरोबर जाते.

या कुलपाचे काम कसे चालते हे समजले तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. फाइलीतला मजकूर सांकेतिक रूपात बदललेला असतो आणि तो मूळ रूपात आणण्याची किल्ली त्या पासवर्डापासून तयार होते. ही सारी व्यवस्था फाइलीच्या आतच असते. ती उघडताना बँकेच्या संगणकाशी कोणताही संपर्क होत नाही. त्यामुळे फाइल उघडण्यासाठी ओटीपी येत नाही आणि ‘पासवर्ड विसरलात का’ अशी सोयही तिथे नसते. एटीएमचा पिन काही वेळा चुकला की कार्ड अडते, तसे मात्र येथे होत नाही; पीडीएफवर वीस वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तरी खात्याला काहीही धक्का लागत नाही. वयस्कर माणसे भीतीने दोन प्रयत्नांनंतर थांबतात, त्यांना हे आवर्जून सांगावे.

आणखी एक परिणाम असा की फाइल ज्या दिवशी तयार झाली त्या दिवशीची माहिती तिच्या कुलपात कायमची अडकते. आपण पुढे बँकेत मोबाइल क्रमांक बदलला, तरी जुन्या उताऱ्यांच्या फायली जुन्याच क्रमांकाने उघडतात. सीमाभागात हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण येथील बऱ्याच खात्यांच्या बँकाच बदलल्या आहेत. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेचा भाग झाली. विलीनीकरणात एखाद्याचा ग्राहक क्रमांक बदलला असेल, तर त्याआधीची फाइल जुन्या पासबुकावरील क्रमांक मागेल. जुनी पासबुके रद्दीत टाकू नयेत, याला हे एक व्यावहारिक कारण आहे.

पहिली पायरी: खूण शोधणे

बँकेच्या मेलमध्ये खूण जवळजवळ नेहमीच मजकुरातच असते, पण ती वर ठळकपणे दिलेली नसते. उतारा जोडल्याची ओळ, मग जाहिरातीचे एखादे चित्र, आणि त्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड कसा बनवला आहे हे सांगणारा परिच्छेद, अशी सर्वसाधारण मांडणी असते. मोबाइलवर आपण जोडलेली फाइल दिसताच तिच्यावर बोट ठेवतो आणि खालचा मजकूर वाचायचा राहून जातो. म्हणून मेल तळापर्यंत सरकवून वाचावी. कधी कधी ही खूण चित्राच्या स्वरूपात असते आणि मेलमध्ये चित्रे दाखवणे बंद केलेले असेल तर तिच्या जागी नुसती मोकळी चौकट दिसते. अशा वेळी चित्रे दाखवण्याची परवानगी द्यावी, मात्र त्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता खरोखर बँकेचाच आहे ना हे पाहून घ्यावे.

खूण इंग्रजीत असेल तर मेलमध्ये `password` हा शब्द शोधला की ती चटकन सापडते. एक दक्षता मात्र घ्यावी: ज्या मेलमधून फाइल आली त्याच मेलमधली खूण वापरावी. एकच बँक बचत खात्याला एक नियम आणि क्रेडिट कार्डाला दुसरा नियम लावते, शिवाय काही वर्षांनी नियम बदलतातही. म्हणूनच कोणत्या बँकेचा पासवर्ड कसा असतो याची यादी मी या लेखात मुद्दाम दिलेली नाही. ती छापेपर्यंतच जुनी होईल, आणि शेजाऱ्याने सांगितलेला नियमही त्याच कारणाने चुकतो.

संकेतस्थळावरून स्वतः उतरवलेल्या कागदाची खूण बहुधा उतरवण्याच्या बटणाजवळ, किंवा फाइल उतरल्यानंतर क्षणभर येणाऱ्या चौकटीत असते. ती चौकट आपण न वाचताच बंद करतो. तसे झाले असेल तर पुन्हा त्याच पानावर जावे, आणि तिथेही दिसली नाही तर त्याच संकेतस्थळावरील नेहमीच्या प्रश्नांचा भाग उघडावा. तरीही न मिळाल्यास पासबुक घेऊन शाखेत जाणे हा उत्तम मार्ग आहे. इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा क्रमांक’ शोधून तिथे फोन करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण असे खोटे क्रमांक पेरून ठेवणारे पुष्कळ आहेत. फाइल उघडून देण्यासाठी कोणी ओटीपी, पिन किंवा मोबाइलवर एखादे अॅप बसवण्याची मागणी करू लागला, तर तो फसवणूक करतो आहे हे निश्चित समजावे. वर सांगितल्याप्रमाणे या कुलपाला ओटीपीची गरजच नसते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुसरी पायरी: खूण वाचणे

खुणेची भाषा ठरावीक असते. `DDMMYYYY` याचा अर्थ जन्मतारखेचा दिवस दोन अंकी, महिना दोन अंकी आणि वर्ष चार अंकी, मध्ये कोणतेही चिन्ह न घालता. १ जून १९६२ ही तारीख `01061962` अशी लिहावी लागते. सुरुवातीचे शून्य गाळले की पासवर्ड चुकतो. `DDMMYY` असेल तर तीच तारीख `010662` होते, आणि `DDMM` असेल तर फक्त `0106`. `UPPERCASE` किंवा `CAPITAL` म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरे, `lowercase` म्हणजे लहान अक्षरे.

तीन सरकारी कागदांचे नियम मात्र सर्वांसाठी सारखे असल्यामुळे ते येथे देता येतात. ई-आधाराचा पासवर्ड म्हणजे आधारवरील इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे, मोठ्या लिपीत, आणि त्यापुढे जन्मवर्षाचे चार अंक. नाव `SAI KUMAR` आणि वर्ष १९९० असेल तर मधली मोकळी जागा सोडून `SAIK1990`. नाव `P. KUMAR` असेल तर टिंबही अक्षर म्हणून धरले जाते आणि पासवर्ड `P.KU1990` होतो. आणि पूर्ण नावच `RIA` इतके असेल तर `RIA1990` एवढेच पुरते. ई-पॅन कार्ड जन्मतारखेने, म्हणजे `DDMMYYYY` या आठ अंकांनी उघडते. प्राप्तिकर संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण, ज्याला तिथे `AIS` म्हणतात, ते उघडण्यासाठी लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून आठ अंकी जन्मतारीख लागते. पॅन कार्डावर अक्षरे मोठी छापलेली असल्यामुळे लोक ती तशीच टाकतात आणि तिथेच चुकतात. पॅन `ABCDE1234F` आणि जन्मतारीख १ जून १९६२ असेल, तर पासवर्ड `abcde1234f01061962` असा होईल.

तिसरी पायरी: दप्तरातली नोंद पाहणे

खूण बरोबर वाचूनही फाइल उघडत नाही, तेव्हा दोष बहुधा नावाच्या लेखनात असतो. सीमाभागात एकाच माणसाचे नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, कारण एक नोंद मराठी शाळेत झालेली असते, दुसरी कन्नड उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्या कारकुनाने केलेली असते आणि तिसरी मुलाने अर्ज भरताना स्वतःच्या सवयीप्रमाणे केलेली असते. गणपती हे नाव `GANPATI` असे लिहिले तर पहिली चार अक्षरे `GANP` आणि `GANAPATI` असे लिहिले तर `GANA`. लक्ष्मण `LAXM` होतो किंवा `LAKS`. विठ्ठल `VITH` होतो किंवा `VITT`. उच्चारात फरक पडत नाही, पण कुलपाला अक्षर हवे असते, उच्चार नको. शिवाय कागदावर कधी आडनाव आधी असते, कधी नुसती आद्याक्षरे असतात.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, खानापूर तालुक्यातील परशराम गुरव नावाच्या एका गृहस्थांना मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बेळगावातील शाखेत ई-आधार आणि सहा महिन्यांचा खाते उतारा द्यायचा आहे. त्यांची जन्मतारीख १ जून १९६२ आहे. (ही तारीख आपल्याकडे फार जणांची असते, शाळेत नाव घालताना खरा दिवस कोणाला ठाऊक नसे आणि गुरुजी जूनची पहिली तारीख लिहून मोकळे होत. पासवर्डाच्या दृष्टीने मात्र गुरुजींची तारीखच खरी.)

मुलीने `myaadhaar.uidai.gov.in` येथून आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपी देऊन ई-आधार उतरवले आणि पासवर्ड म्हणून `PARS1962` टाकला, कारण घरात सर्वजण वडिलांचे नाव इंग्रजीत Parshram असे लिहितात. चौकट पुन्हा आली. तिने वर्ष तपासले, ते बरोबर होते. मग जुने आधार कार्ड कपाटातून काढून त्यावरची इंग्रजी ओळ अक्षर लावून वाचली, तेव्हा तिथे Parasharam असे दिसले. चौथे अक्षर `S` नव्हते, `A` होते. `PARA1962` टाकताच फाइल उघडली. जुने कार्ड, आधीची झेरॉक्स किंवा मतदार ओळखपत्राच्या अर्जासोबत जोडलेली प्रत असे काहीतरी समोर घेऊन बसण्याचा फायदा हाच.

आता उतारा. त्या मेलच्या तळाशी खूण अशी होती की खात्यातील नावाची पहिली चार अक्षरे, मोकळी जागा सोडून, लहान लिपीत, आणि त्यापुढे `DDMM`. आधारचा अनुभव ताजा असल्यामुळे तिने `para0106` टाकले आणि तेही चुकले. येथे आधारवरील नावाचा काही संबंधच नव्हता. बँकेच्या दप्तरातले नाव पाहायला हवे होते. पासबुकाच्या पहिल्या पानावर ते `P L GURAV` असे छापलेले होते, कारण खाते उघडताना आद्याक्षरे लिहिली गेली होती. मोकळी जागा सोडली की पहिली चार अक्षरे `plgu` होतात, आणि `plgu0106` ने उतारा उघडला. एकाच माणसाचे दोन कागद, आणि दोन्हींत नावाची सुरुवात वेगळी. दोन्ही ठिकाणी उत्तर त्या त्या संस्थेच्या छापील ओळीत होते.

नावाखालोखाल घोटाळा जन्मतारखेचा होतो. काहींच्या आधारवर केवळ जन्मवर्ष छापलेले असते, आणि बँकेच्या दप्तरात मात्र पूर्ण तारीख असते; ती खाते उघडताना दिलेल्या कागदावरून घेतलेली असते. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि पॅनवरची तारीख वेगळी असेल, तर दोन्ही करून पाहाव्यात. संयुक्त खात्यात पहिल्या खातेदाराची माहिती धरली जाते, त्यामुळे पहिले नाव वडिलांचे असताना मुलगा स्वतःची तारीख टाकत बसला तर फाइल उघडणार नाही. खूण मोबाइलच्या शेवटच्या अंकांची असेल, तर उतारा निघाला त्या वेळी बँकेत नोंदलेला क्रमांक आठवावा. पुष्कळ घरांत तो पुण्याला किंवा गोव्याला नोकरीस असलेल्या मुलाचा असतो.

सर्व काही बरोबर असून उघडत नसेल तर

आपल्या भागात एक कारण फार आढळते आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोबाइलचा कीबोर्ड मराठीत किंवा कन्नडात असेल तर टाकलेले अंक `1962` असे न जाता देवनागरी किंवा कन्नड अंकांत जाऊ शकतात, आणि चौकटीत ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नाही. कीबोर्ड इंग्रजीवर आणावा आणि चौकटीत डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून काय टाइप झाले आहे ते पाहावे. तसे चिन्ह नसल्यास पासवर्ड आधी नोंदवहीच्या अॅपमध्ये लिहून पाहावा. त्यात आणखी दोन चुका सापडतात: कीबोर्डने पहिले अक्षर आपोआप मोठे केलेले असते, किंवा सुचवलेला शब्द निवडल्यामुळे शेवटी एक मोकळी जागा आलेली असते.

फाइल बिघडली आहे की पासवर्ड चुकला आहे, हे ओळखणे सोपे आहे. पासवर्ड चुकला असेल तर चौकट पुन्हा विचारते. फाइल अर्धवट उतरली असेल तर बहुधा चौकटच येत नाही, नुसता उघडता येत नसल्याचा संदेश येतो. तेव्हा ती पुन्हा उतरवावी. व्हॉट्सअॅपच्या आतल्या आत फाइल उघडत नसेल, तर ती साठवून घेऊन क्रोम किंवा अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी.

उघडल्यानंतर

शिष्यवृत्तीच्या किंवा कर्जाच्या अर्जासोबत कुलूपबंद फाइल चढवली तर ती पाहणाऱ्याला उघडत नाही आणि अर्ज परत येतो. माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याचा अर्ज असाच परत आला आणि कारण कळेपर्यंत पंधरा दिवस गेले. उपाय असा की संगणकावर फाइल क्रोममध्ये पासवर्ड देऊन उघडावी, छपाईची आज्ञा द्यावी, आणि छपाईयंत्राच्या जागी `Save as PDF` निवडून नवी प्रत साठवावी. या प्रतीला कुलूप नसते. काही फायलींत मात्र संस्थेने छपाईलाच बंदी केलेली असते. तिथे हा मार्ग चालत नाही आणि संस्थेकडूनच बिनकुलपाची प्रत मागावी लागते.

या मार्गाची एक मर्यादाही आहे. ई-आधारासारख्या कागदावर डिजिटल स्वाक्षरी असते. कागद कोणी दिला आणि तो नंतर बदलला गेला नाही, हे तिच्यावरून पडताळता येते. कुलूप आणि स्वाक्षरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. छापून केलेल्या नव्या प्रतीत स्वाक्षरीचे चित्र दिसते, पण पडताळणी होत नाही. म्हणून मूळ कुलूपबंद फाइल जपून ठेवावी आणि नवी प्रत फक्त त्या अर्जापुरती वापरून नंतर पुसावी, विशेषतः संगणक दुसऱ्याचा असेल तर डाउनलोड्सच्या कप्प्यातून आणि मग रिसायकल बिनमधूनही.

कुलपावर किती विसंबावे, याचाही अंदाज हवा. शंभर वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा मोजल्या तरी त्या सुमारे साडेछत्तीस हजारच होतात, आणि संगणकाला तेवढ्या तारखा एकामागून एक करून पाहायला फार वेळ लागत नाही. ई-आधाराचा पासवर्ड तर आपले नाव आणि वय जाणणारा कोणताही ओळखीचा माणूस बसवू शकतो. सहज नजर टाकणाऱ्यापासून हे कुलूप वाचवते, हात धुऊन मागे लागलेल्यापासून नाही. तेव्हा फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच व्हॉट्सअॅप संदेशात पाठवू नये. पासवर्ड फोनवर सांगावा. आधार जिथे केवळ ओळखीसाठी हवे आहे आणि घेणाऱ्याची हरकत नाही, तिथे उतरवतानाच पहिले आठ अंक झाकलेली प्रत निवडावी. तिला पासवर्ड त्याच नियमाचा लागतो, पण ती चुकीच्या हाती पडली तरी पूर्ण क्रमांक तिच्यात नसतो.